इलेक्ट्रॉन लोकलने येत नाहीत

*मी मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. यंदा मुख्याध्यापकांनी ठरवलंय की प्रत्येक विषयशिक्षकाने एक अवघड कल्पना घ्यायची आणि ती एकाच उपमेतून, ४५ सेकंदांच्या आत समजावणारा व्हिडिओ मुलांच्या ग्रुपवर टाकायचा. मी निवडलं, ‘बटण दाबताच दिवा कसा लागतो’. उपमा लोकलची घेतली: ‘इलेक्ट्रॉन म्हणजे फास्ट लोकलचे प्रवासी. ट्रॉम्ब्याच्या वीजकेंद्रातून निघतात, तारेच्या रुळावरून धावत येतात आणि दिव्यात उतरून उजेड देतात.’ मुलांना फार आवडलं. पण संहिता दीड मिनिटाच्या खाली येत नाही, आणि वर्गात एका मुलाने विचारलं, ‘बाई, सगळे दिव्यात उतरले तर परतीची गाडी रिकामी जाते का?’ मला उत्तर सुचलं नाही. आमचे एक ज्येष्ठ सर म्हणतात, उपमा म्हणजे विज्ञानात भेसळ, सरळ व्याख्या सांगा. उपमाच सोडून देऊ, की लोकल छाटून छोटी करू?*
*– एक विज्ञान शिक्षिका*

नमस्कार बाई,

तुमच्या त्या विद्यार्थ्याने चूक काहीच केली नाही. तुम्ही त्याला गाडी दिलीत, प्रवासी दिलेत, उतरायचं स्टेशन दिलंत. त्याने त्यावरून पुढचा हिशेब केला. उपमा एकदा मुलाच्या हातात दिली की ते ती आपल्याला हवी तेवढीच वापरेल असं नसतं. ते तिच्यातलं सगळं वापरतं. म्हणून लोकल छाटायची कशी, याच्या आधी ती घ्यावी का, हे बघू.

लोकल घेण्यामागे तुमचा विचार सरळ आहे: मुंबईच्या मुलांना जी गोष्ट सर्वांत ओळखीची, तीच उपमेला सर्वांत चांगली. इथे मला थोडं अडखळायला होतं. ओळखीची गोष्ट हवी हे खरं, पण लोकल ही नुसती ओळखीची नाही, ती फार भरलेली गोष्ट आहे. तिच्यात फास्ट आहे आणि स्लो आहे, चढणं आहे आणि उतरणं आहे, गर्दी आहे, सुटायचं एक ठिकाण आहे आणि पोचायचं दुसरं. तुम्हाला यातलं एकच हवं होतं: काहीतरी इकडून तिकडे जातं. बाकीचं सगळं न बोलावता आलं, आणि त्यातल्या तीन गोष्टींनी तर सरळ घात केला.

‘फास्ट’मुळे मुलांना वाटलं की दिवा लगेच लागतो, कारण इलेक्ट्रॉन वेगाने धावतात. ‘ट्रॉम्ब्याहून निघतात’मुळे वाटलं की दिव्यात उजेड पाडणारा इलेक्ट्रॉन वीजकेंद्रातून आला. आणि ‘उतरतात’मुळे वाटलं की विद्युतधारा दिव्यात खर्च होते. ही तिसरी समजूत सर्वांत चिवट. ती रुजली आहे का, हे तपासायला एक प्रश्न पुरतो. सारखेच दोन छोटे बल्ब एकसर जोडणीत लावले, तर जास्त उजेड कोणता देईल? ज्यांच्या डोक्यात प्रवासी उतरताहेत, ती मुलं हमखास पहिल्या बल्बकडे बोट दाखवतात: त्याने आपलं घेतलं, उरलेलं दुसऱ्याला. खरं तर दोन्ही बल्ब सारखाच उजेड देतात, कारण दोन्हींतून जाणारी धारा एकच असते. सेल, दोन बल्ब आणि थोडी तार घेऊन हे दोन मिनिटांत दाखवता येतं. व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी हा प्रश्न एकदा वर्गात टाकून बघा.

आता मूळ गोष्ट. तारेतले इलेक्ट्रॉन खरोखर किती वेगाने पुढे जातात? हे तुम्ही बीएस्सीला शिकला असालच, पण आकडे घालून पुन्हा एकदा करून बघा. संहिता कशाभोवती लिहायची ते या गणितातच सापडतं.

टॉर्चचा जुन्या पद्धतीचा छोटा बल्ब घ्या, साधारण ०.३ अँपिअर धारा घेणारा. त्याला एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार जोडा. तांब्याच्या एका घनमीटरमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन किती, तर ८५ वर २७ शून्यं. सूत्र असं:

`v = I / (nAe)`

यात I म्हणजे धारा, n म्हणजे घनमीटरमागे मोकळे इलेक्ट्रॉन, A म्हणजे तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ आणि e म्हणजे एका इलेक्ट्रॉनचा प्रभार. आकडे घातले की उत्तर येतं सेकंदाला सुमारे ०.०२२ मिलिमीटर. तासाला जेमतेम आठ सेंटिमीटर. म्हणजे मीटरभर तार ओलांडायला एका इलेक्ट्रॉनला साडेबारा तास लागतील. सकाळी प्रार्थनेच्या वेळी बटण दाबलं, तर सेलजवळचा इलेक्ट्रॉन रात्री आठच्या सुमारास बल्बपाशी पोचेल!

दिवा मात्र लगेच लागतो. तुमच्या विषयातलं अवघड ते हेच, आणि तुमच्या संहितेत नेमकं हेच नाही. ‘वेगाने धावतात म्हणून लगेच पोचतात’ असं म्हटलं की कोडंच उरत नाही, मग उपमा सोडवणार काय? आधी मुलाला कोडं दिसलं पाहिजे.

कोड्याचं उत्तर असं. तार कधीच रिकामी नसते. बटण बंद असतानाही तारेच्या प्रत्येक भागात, बल्बच्या आतल्या तंतूतसुद्धा, मोकळे इलेक्ट्रॉन खच्चून असतात. बटण दाबलं की तारेच्या पृष्ठभागावरचे प्रभार थोडे इकडेतिकडे होतात आणि तारेच्या लांबीभर विद्युत क्षेत्र उभं राहतं. हा बदल तारेवरून सेकंदाला काही लाख किलोमीटर वेगाने पसरतो. प्रकाशाचा वेग तीन लाख. तारेवरच्या आवरणाप्रमाणे आणि मांडणीप्रमाणे हा त्याहून थोडा कमी भरतो, दोन लाख धरा. मीटरभर तारेला लागणारा वेळ म्हणजे सेकंदाचा वीस कोटीवा भाग. हे क्षेत्र जिथे पोचतं तिथले इलेक्ट्रॉन जागच्या जागी सरकायला लागतात. बल्बमधला उजेड बल्बमध्येच असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या सरकण्याने पडतो. सेलजवळच्यांची वाट कुणी बघत नाही. (तंतूच्या बल्बमध्ये डोळ्यांना जाणवेल न जाणवेल असा जो उशीर होतो, तो तंतू तापायला लागणारा वेळ असतो. तारेचा त्यात काही हात नाही.)

तेव्हा उपमेने करायचं काम एकच: ओढ झटकन पोचते, वस्तू मात्र जवळजवळ जागेवरच राहते, हे दाखवणं. हे काम करणारी आणि बाकी फारसं काही न आणणारी गोष्ट शोधायची. मुंबईत ती आहे. बेस्टच्या जुन्या बसमध्ये छताखालून, मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत गेलेली घंटीची दोरी. कंडक्टर मागे दोरी ओढायचा आणि पुढे टण वाजायचं. एक टण, थांबा. दोन टण, चला. दोरी हलायची बोटभर. घंटी वाजायची गाडीच्या दुसऱ्या टोकाला.

या दोरीचा गुण म्हणजे तिच्यात भाग थोडे आहेत: ओढणारा हात, दोरी, घंटी. कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. घंटी वाजल्यावर दोरी कमी होत नाही, त्यामुळे ‘धारा खर्च होते’ ही समजूत शिरायला फटच राहत नाही. आणि दोरी घंटीपर्यंत आधीच पोचलेली असते, म्हणजे ‘तार आधीच भरलेली’ हे वेगळं पटवायची गरज पडत नाही. लोकलच्या मानाने ही उपमा गरीब आहे, आणि मला ती त्यासाठीच आवडते. शिवाय गंमत अशी की ज्या बेस्टच्या बसमधली ही दोरी, तीच बेस्ट शहर भागात घरोघरी वीजही देते. पण हे व्हिडिओत सांगू नका, चार सेकंद जातील.

तुमच्या मनात शंका येईल, आजच्या मुलांनी ती दोरी पाहिली आहे का? रास्त शंका आहे. एसी गाड्यांना दोरी नाही, आणि जुन्या लाल डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेल्या. मुलाला आधी दोरी समजावून सांगावी लागली तर उपमेचा उपयोगच संपला. म्हणून दोरी सांगू नका, दाखवा. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, खिडकीच्या गजांवरून किंवा खिळ्यांवरून एक दोरी ताणून न्या आणि टोकाला पूजेतली छोटी घंटा बांधा. दोरीला मधोमध लाल चिंधी बांधा. ओढलं की घंटा वाजते आणि चिंधी बोटभर हलते, हे कॅमेऱ्यात एकाच चौकटीत आलं पाहिजे. दोरी मात्र ताणलेली हवी. ती सैल असेल तर आधी झोळ निघतो, मग घंटा हलते, आणि मुलं त्यावरूनही काहीतरी शिकतात: ‘तार सैल असली की दिवा उशिरा लागतो.’ चित्रीकरणाआधी झोळ तपासा.

आता संहिता. मी असं लिहीन:

> हा सेल, ही तार, हा बल्ब. बटण दाबलं, की बल्ब लगेच लागतो.
> पण तारेतले इलेक्ट्रॉन तासाला काही सेंटिमीटरच सरकतात! मग हे जमतं कसं?
> ही दोरी बघा. मी इथे ओढते, घंटा तिथे वाजते. माझ्या हातातली दोरी घंटेपर्यंत गेली का?
> नाही. दोरी तिथे आधीपासूनच होती. पोचली ती ओढ.
> तारही अशीच आधीपासून इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. बटण दाबताच सगळीकडचे जवळजवळ एकदम सरकतात, बल्बमधलेसुद्धा.
> फरक एक: दोरीला दोन टोकं आहेत. विजेला मात्र सेलपासून सेलपर्यंत पूर्ण फेरा लागतो.

शब्द सत्तरच्या आसपास आहेत. मुलांना समजेल अशा शांत गतीने मराठी बोललं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणजे ४५ सेकंदांत साधारण पाऊणशे ते नव्वद. पण माझ्या गतीवर जाऊ नका. तुमचीच संहिता उभं राहून, मोठ्याने, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून वाचा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं. ‘घंटेपर्यंत गेली का?’ यानंतर पूर्ण दोन सेकंद थांबा आणि ती दोन सेकंदं हिशेबात धरा. तिथे मूल स्वतःशी उत्तर देतं. वेळ कमी पडला म्हणून तो थांबा काढू नका, त्याऐवजी पहिली ओळ काढा. सेल, तार आणि बल्ब चित्रात दिसतातच.

दीड मिनिटाचं काय झालं, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्या संहितेत बहुधा धारेची व्याख्या, अँपिअर, धारेची दिशा, रोध हे सगळं असणार, कारण वर्गात आपण त्याच क्रमाने शिकवतो. ४५ सेकंदांत एका ‘कसं?’चं उत्तर मावतं. धारेची दिशा आणि इलेक्ट्रॉनांची दिशा उलटी असते हे यात घालायचा मोह होईल. घालू नका. या कोड्याला दिशा लागतच नाही.

दोन शब्दांबद्दल मात्र मी हट्टी आहे. एक, ‘जवळजवळ एकदम’. नुसतं ‘एकदम’ म्हटलं तर खोटं होतं. दोरीतली ओढही पोचायला थोडा का होईना वेळ घेतेच, आणि तारेतला बदलही घेतो. दोन, मी घरातला दिवा न घेता सेलवरचा बल्ब घेतला. घरी येणारी वीज प्रत्यावर्ती असते, सेकंदाला ५० आवर्तनं करणारी. तिथले इलेक्ट्रॉन तासाला काही सेंटिमीटरही जात नाहीत, ते जागेवरच मागेपुढे होतात. ‘काही सेंटिमीटर’ हे वाक्य सेलच्या एकदिश धारेलाच लागू आहे. तुमच्या संहितेतला घरचा दिवा तसाच ठेवून फक्त उपमा बदलली असती, तर चूक तिथेच राहिली असती.

आता तुमच्या सरांचं म्हणणं. त्यांना खोडून काढायला मी सांगणार नाही, कारण त्यांची भीती खरी आहे. लोकलच्या बाबतीत ती खरीच ठरली. पण व्याख्या हा त्यावरचा उपाय नव्हे. ‘एकक काळात वाहणारा प्रभार म्हणजे विद्युतधारा’ हे पाठ असलेलं मूलही दोन बल्बांच्या प्रश्नात पहिल्याकडे बोट दाखवू शकतं. आणि उपमेने विज्ञान बाटतं म्हणावं, तर जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये विजेच्या प्रवाहाचं गणित मांडलं, ते फूरियेच्या उष्णतावहनाच्या गणितावरून. तापमानातला फरक जशी उष्णता वाहवतो, तसा विभवातला फरक वीज वाहवतो, ही त्याची सुरुवातीची वाट. वीज म्हणजेच उष्णता, असा त्याचा दावा नव्हता. त्याने दोन्हींतलं नातं तेवढं उचललं. सरांना दाखवायचं असेल तर हे दाखवा, आणि संहितेतली शेवटची ओळ वाचून दाखवा. उपमा कुठे तुटते हे तिथे आपणच सांगितलंय. ‘भेसळ’ हा शब्द मग त्यांनाही थोडा जड जाईल.

ती शेवटची ओळ वेळ वाचवायला कापली जाते, हे मी अनेक शिक्षकांच्या बाबतीत पाहिलंय. तुमच्याकडून तसं होऊ देऊ नका. दोरी दोन ठिकाणी तुटते. एक तुटणं वर आलंच: दोरीला टोकं आहेत, मंडलाला नाहीत. दुसरं जास्त सूक्ष्म आहे. दोरीचा एक भाग शेजारच्या भागाला ओढतो, तो पुढच्याला. तारेतले इलेक्ट्रॉन असे एकमेकांना पकडून ओढत नाहीत. त्यांना हलवतं ते तारेभर पसरलेलं विद्युत क्षेत्र. व्हिडिओ पाहून एखादी मुलगी म्हणाली, ‘इलेक्ट्रॉन एकमेकांना ओढतात’, तर समजा की दोरी जरा जास्तच चिकटली आहे. आठवीच्या मुलीला मी तिथे फार अडवणार नाही. दहावीच्या मुलीला अडवीन.

दोन्ही तुटलेल्या जागांपैकी पहिली वर्गात दुरुस्त करता येते, आणि त्याला नवी उपमा लागत नाही. हीच दोरी पुरते. कपडे वाळत घालायची आठ-दहा मीटर सुती दोरी घ्या. नायलॉनची नको, हाताला चटका बसतो. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून चिकटपट्टीने जोडा. गाठ मारलीत तर ती प्रत्येकाच्या बोटांत अडकेल. दहा-बारा मुलं गोल उभी करा, प्रत्येकाच्या अर्ध्या मिटलेल्या बोटांतून दोरी मोकळी सरकली पाहिजे. एक जण सेल: तो एका हाताने दोरी आत ओढतो, दुसऱ्या हाताने पुढे सोडतो. समोरचा एक जण बल्ब: तो बोटं जरा घट्ट करतो. बाकीच्यांनी डोळे मिटायचे आणि दोरी हलायला लागली की ‘हो’ म्हणायचं.

सगळे ‘हो’ एकत्र येतात. सेलच्या शेजारी उभा असलेला आधी आणि लांबचा मागून, असं होत नाही. बल्बला विचारा, काय वाटतंय? तो सांगेल, बोटं गरम झाली. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या मुलाला विचारा, दोरी कुणाकडे कमी वेगाने जाते? दोघांकडे सारखीच. तिथे ‘धारा खर्च होत नाही’ हे मुलांच्या बोटांना कळतं. मग बल्बला आणखी घट्ट धरायला सांगा. सगळ्या गोलातली दोरी मंदावते, नुसती त्याच्यापुढची नव्हे. हा तुमचा रोध. शेवटी एकाला दोरी गच्च पकडून थांबवायला सांगा, म्हणजे बटण बंद. सगळीकडे एकदम थांबलं. हा खेळ नीट खेळायला अर्धा तास लागतो, तो ४५ सेकंदांत कोंबू नका. व्हिडिओ आदल्या संध्याकाळी ग्रुपवर जाऊ दे, खेळ दुसऱ्या दिवशी होऊ दे.

तपासायचं कसं? ‘समजलं का?’ विचारून काही कळत नाही, ग्रुपवर अंगठे येतात. व्हिडिओखाली एकच प्रश्न टाका: तार एक मीटरऐवजी दहा मीटर घेतली, तर बल्ब लागायला दहापट वेळ लागेल का, आणि तो आपल्याला जाणवेल का? ज्याच्या डोक्यात अजून कुणीतरी धावतंय तो म्हणेल, हो, जाणवेल. ज्याला दोरी कळली तो म्हणेल, वेळ वाढेल, पण जाणवणार नाही. वीस कोटीवा भाग दहापट झाला, तरी दोन कोटीवाच राहतो. एखादा हुशार मुलगा म्हणेल, लांब तारेने उजेड थोडा कमी पडेल. त्याचंही बरोबर आहे, तारेचा रोध वाढला. त्याला तेवढं सांगा आणि उशिराच्या प्रश्नावर परत आणा.

हेच दुसऱ्या विषयाला लावायचं असेल, कारण हे वाचणाऱ्या इतर शिक्षकांच्या वाट्याला विद्युतधारा आली असेलच असं नाही, तर क्रम हा ठेवा. आधी त्या कल्पनेत मुलांना उलटं वाटेल असं एक वाक्य शोधा. माझ्या संहितेत ते ‘तासाला काही सेंटिमीटर’ होतं. असं वाक्य सापडत नसेल तर उपमेकडे वळूच नका, विषय बदला. मग उपमेत काय काय येतं ते कागदावर लिहून काढा, आणि प्रत्येकापुढे लिहा: हे मूळ कल्पनेत आहे का? लोकलसाठी ही यादी करून बघा, अर्ध्याहून जास्त ओळींपुढे ‘नाही’ येईल. जिथे ‘नाही’ एक-दोनच येतात ती उपमा घ्या, आणि ते ‘नाही’ म्हणजेच तुमची शेवटची ओळ.

राहिला तुमचा तो विद्यार्थी. त्याचं उत्तर व्हिडिओत मावणार नाही, पण ते त्याला मिळालं पाहिजे. त्याला सांगा की परतीची गाडी रिकामी जात नाही, कारण कुणी उतरतच नाही. बल्बमध्ये जितके शिरतात तितकेच बाहेर पडतात, आणि मधल्या मध्ये सेलकडची ऊर्जा तेवढी बल्बला मिळते. मग तो बहुधा विचारेल, ‘पण ट्रॉम्ब्याहून आलेला इलेक्ट्रॉन आपल्या घरी कधी पोचतो?’ त्याला घरच्या पंख्याचं गणित करायला द्या. पाऊणशे वॅटचा पंखा, २३० व्होल्ट, म्हणजे धारा साधारण एक तृतीयांश अँपिअर. तार तीच, एक चौरस मिलिमीटरची. इलेक्ट्रॉन सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाऊन मागे येतो. एका हेलकाव्यात तो किती हलतो? उत्तर येतं मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. म्हणजे पंख्याच्या तारेतला इलेक्ट्रॉन ट्रॉम्ब्याहून येणं दूरच, भिंतीवरच्या बटणापासूनही आलेला नाही. सूत्र वर दिलंय. आकडे त्याला स्वतःला घालू दे, आणि वेगावरून अंतर काढताना तो अडला तरच मदत करा.